फुटलेल्या डिनर सेटचे पैसे परत मागणारा ईमेल

प्रश्न: मी ऐरोलीला राहते. एका ऑनलाइन दुकानातून सिरॅमिकचा १६ नगांचा डिनर सेट मागवला. सेट ४,२९९ रुपये, डिलिव्हरी ९९, पैसे यूपीआयने भरले. गुरुवारी पार्सल सोसायटीच्या गेटवर वॉचमननी घेतलं, मी ऑफिसमध्ये होते. शनिवारी संध्याकाळी उघडलं तर पाच नग फुटलेले. खोक्याचा कोपरा दबलेला, आत प्लेट्स एकावर एक आडव्या आणि मध्ये नुसता कागद. रात्रीच व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. सोमवारी उत्तर आलं: ४८ तासांत कळवलं नाही, अनबॉक्सिंग व्हिडिओ नाही, पाचशे रुपयांचं कूपन घ्या. दुकान पुण्याचं आहे, मराठीत बोलतात. भांडण नको, पण पैसे हवेत. ईमेल कसा लिहू?

उत्तर:

आधी त्या कूपनचं. ते वापरू नका, आणि व्हॉट्सॲपवर त्या मेसेजला "ओके" किंवा अंगठाही पाठवू नका. बऱ्याच दुकानांच्या सिस्टीममध्ये ग्राहकाने पर्याय स्वीकारला की तक्रार "निकाली" म्हणून बंद होते, आणि बंद झालेली तक्रार पुन्हा उघडायला नवी तक्रार करण्यापेक्षा जास्त त्रास पडतो. कूपन तुमच्या अकाउंटवर आपोआप आलं असेल तर राहू दे तसंच पडून.

मी बरीच वर्षं एका ऑनलाइन दुकानाच्या तक्रार विभागात काम केलं आहे, त्यामुळे असा ईमेल पलीकडे कोण आणि कसा वाचतो ते सांगतो. वाचणारा माणूस दुकानाचा मालक नसतो. त्याच्यासमोर तक्रारींची लांब यादी असते. यादीत त्याला विषय आणि पहिल्या एकदोन ओळी दिसतात आणि तेवढ्यावरून तो तक्रार कुठल्या खान्यात टाकायची ते ठरवतो: "आवडलं नाही", "चुकीची वस्तू आली", "वाहतुकीत फुटलं". खाना चुकला की उत्तरही चुकीचंच येतं. शिवाय ठरावीक रकमेच्या वरचे पैसे परत करायची मंजुरी त्याच्या हातात नसते, तो ती वरिष्ठांकडे मागतो. वरिष्ठ विचारतात: फोटो आहेत का, लेबल दिसतंय का, किती नग फुटले, ग्राहकाला नक्की काय हवंय? ही उत्तरं ईमेलमध्ये नसतील तर तो तुम्हाला परत विचारतो, तुम्ही दोन दिवसांनी उत्तर देता, आणि आठवडा जातो. म्हणून ईमेल असा लिहायचा, की त्या माणसाला तुम्हाला काहीही न विचारता तो जसाच्या तसा मंजुरीला पाठवता यावा. ठामपणा यातूनच येतो. आवाज चढवून येत नाही.

दुसरी गोष्ट ती ४८ तासांची. ही अट बहुतेक दुकानं कशासाठी ठेवतात? कुरिअर कंपनीकडून नुकसानभरपाई मागायची तर दुकानाला ठरलेल्या मुदतीत कळवावं लागतं आणि फोटो द्यावे लागतात. म्हणजे तो दुकान आणि कुरिअर यांच्यातला व्यवहार. त्यात उशीर झाला तर दुकानाला कुरिअरकडून पैसे मिळणार नाहीत, हे खरं आहे. पण तो भुर्दंड तुमच्या माथी मारायचं कारण नाही, कारण तुम्ही पैसे दुकानाला दिलेत, कुरिअर दुकानाने निवडला आणि पॅकिंगही दुकानाने केलं. मात्र उशिराची एक बाजू तुमच्या विरोधात जाते, तीही ओळखून ठेवा. पार्सल दोन दिवस गेटवर आणि घरात होतं, त्यामुळे "तुमच्याकडेच पडलं असेल" असं ते म्हणू शकतात. याला उत्तर फोटोच देतात.

म्हणून आधी फोटो. खोका अजून टाकला नसेल अशी आशा आहे. कचरेवाल्याला दिला असेल तर शनिवारच्या फोटोंवर भागवावं लागेल. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा फोटो फुटलेल्या प्लेटचा नाहीच. दबलेला कोपरा आणि कुरिअरचं लेबल एकाच चौकटीत येईल, लेबलवरचा ट्रॅकिंग नंबर वाचता येईल, असा फोटो सगळ्यात कामाचा. फुटलेल्या प्लेटचा फोटो कुठल्याही घरात काढता येतो. दबलेला कोपरा आणि लेबल एकत्र दिसले की हाच खोका, याच ऑर्डरचा, आणि त्याला बाहेरून मार बसलाय, हे एका नजरेत कळतं. त्यानंतर आतल्या पॅकिंगचा. प्लेट्स आडव्या रचल्या आणि मध्ये पुठ्ठा नसला तर एक धक्का वरपासून खालपर्यंत जातो. चांगलं पॅकिंग करणारे प्लेट्स उभ्या ठेवतात, प्रत्येकीला वेगळं गुंडाळतात आणि खोक्याच्या भिंतीपासून थोडं अंतर सोडतात. तुमच्या खोक्यात यातलं काही नव्हतं हे फोटोत दिसलं, तर प्रश्न कुरिअरचा न राहता पॅकिंगचा होतो आणि पॅकिंग सर्वस्वी दुकानाचं. मग १६ नग जमिनीवर मांडून एक फोटो, फुटलेले एका बाजूला. मगला तडा असेल तर तो खिडकीच्या उजेडात जवळून घ्या, फ्लॅशमध्ये तडा दिसत नाही.

पावसाचे दिवस आहेत, म्हणून एक सावधगिरी. खोका ओला झाला असेल तर तोही फोटोत येऊ द्या, लपवू नका. पण पुठ्ठा भिजून मऊ पडणं वेगळं आणि कोपरा आत दबणं वेगळं, हे दाखवणारा एक जवळचा फोटो जोडा. नाहीतर "वॉचमनच्या केबिनमध्ये भिजला" एवढ्यावर विषय संपवायचा प्रयत्न होतो.

वॉचमनकडचं रजिस्टर किंवा गेटच्या ॲपमधली नोंद हाही पुरावा आहे. त्यात पार्सल किती वाजता आलं ते असतं. त्या ओळीचा फोटो काढून ठेवा, शेजारच्या फ्लॅटवाल्यांची नावं झाकून. आणि फोटो ईमेलला जोडताना मूळ फाइल जोडा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो दाबला गेलेला असतो, आणि फोटो काढल्याची तारीख-वेळ त्याच्यातून निघून जाते. सगळं मिळून २५ एमबीच्या आत ठेवा. त्याहून मोठं झालं की जीमेल फोटोंऐवजी ड्राइव्हची लिंक पाठवतं, आणि पलीकडच्या माणसाला बाहेरच्या लिंक उघडायची बऱ्याचदा परवानगी नसते.

आता ईमेल. तारखा तुमच्या सांगण्यावरून १२ जून गुरुवार धरून घातल्या आहेत, वेळा आणि ऑर्डर क्रमांक नमुन्याचे आहेत, नगांची विभागणीही. सगळं तपासून बदला.

विषय: ऑर्डर क्र. ४४१७० – डिनर सेट वाहतुकीत फुटून पोचला – ४,३९८ रुपये परत मिळण्याबाबत

नमस्कार,

वरील ऑर्डरमधील १६ नगांच्या सिरॅमिक डिनर सेटपैकी ५ नग फुटलेल्या अवस्थेत पोचले. संपूर्ण सेट परत घेऊन ४,३९८ रुपये (सेट ४,२९९ + डिलिव्हरी ९९) मी ज्या यूपीआय खात्यातून भरले त्याच खात्यात परत करावेत.

घटनाक्रम:
गुरुवार, १२ जून, स. ११.४० – बंद पार्सल सोसायटीच्या गेटवर सुरक्षारक्षकाने घेतले.
शनिवार, १४ जून, सायं. ७.०० – मी खोका उघडला. ३ मोठ्या प्लेट्स व १ बाऊल फुटलेले, १ मगला तडा.
त्याच रात्री ८.१० – आपल्या व्हॉट्सॲप क्रमांकावर फोटो पाठवले.
सोमवार, १६ जून – मुदत उलटली व अनबॉक्सिंग व्हिडिओ नाही, या कारणाने नकार. ५०० रुपयांचे कूपन देऊ केले.

आपल्या उत्तराबाबत:
आपल्या ४८ तासांच्या मुदतीनंतर काही तासांनी मी कळवले, हे खरे आहे. मात्र खोक्याचा दबलेला कोपरा (फोटो १) आणि आतील पॅकिंग (फोटो २) पाहता नुकसान वाहतुकीत झाल्याचे स्पष्ट दिसते. प्लेट्स एकावर एक आडव्या होत्या व मध्ये केवळ कागद होता. गेटवरची सही बंद पार्सल पोचल्याची आहे, आतील वस्तू सुस्थितीत असल्याची नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सदोष किंवा कबूल केल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास व तिचे पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. या नियमांत अनबॉक्सिंग व्हिडिओची अट नाही.

कूपन मला मान्य नाही. मी ते वापरलेले नाही, कृपया रद्द करावे.

माझी मागणी:
१. संपूर्ण सेट आपल्या खर्चाने परत न्यावा. सेट व मूळ खोका माझ्याकडे आहेत.
२. ४,३९८ रुपये मूळ खात्यात परत करून व्यवहाराचा संदर्भ क्रमांक कळवावा.
३. या ईमेलची पोच व तक्रार क्रमांक ४८ तासांत द्यावा.

मंगळवार, २४ जूनपर्यंत आपला निर्णय लेखी कळवावा. तोपर्यंत निर्णय न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवेन.

सोबत: फोटो १ ते ५, बिल, व्हॉट्सॲप संवादाचे स्क्रीनशॉट.

आपली,
(नाव, ऑर्डरला दिलेला मोबाइल क्रमांक)

यातल्या काही जागा मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. विषयात "वाहतुकीत फुटून पोचला" आहे, "सेट परत करायचा आहे" नाही. दुसरं लिहिलंत की खाना "आवडलं नाही" होतो आणि मग मुदत, परतीचा खर्च, सगळं तुमच्यावर येतं. पहिल्याच परिच्छेदात रक्कम आहे, तीही फोड करून. डिलिव्हरीचे ९९ रुपये लिहिले नाहीत तर ते बहुधा परत येत नाहीत. कुणी खोटेपणाने ठेवून घेतं असं नाही, मागणीत नाही म्हणून आकड्यात धरलेच जात नाहीत.

पूर्ण सेटचे पैसे का, पाचच नगांचे का नाही? हा मुद्दा दुकान उचलणार, तेव्हा उत्तर तयार ठेवा. त्यांच्या साइटवर त्याच डिझाइनची सुटी प्लेट विकत मिळते का बघा. मिळत नसेल तर अकरा नग तुमच्या काय कामाचे? चार जणांचा सेट म्हणून घेतला, तीन मोठ्या प्लेट्स गेल्या की तो सेट राहिला नाही. सुट्या प्लेट्स मिळत असतील तर मात्र पाच नग बदलून घेणं हाही रास्त तोडगा आहे, आणि तुम्हाला डिझाइन आवडलं असेल तर मी तोच घेईन. पण मग मागणीत तेच लिहा. "पैसे द्या किंवा बदलून द्या किंवा काहीतरी करा" असं लिहिलं की दुकान त्याला स्वस्त पडेल ते निवडतं.

उशीर झाल्याची कबुली ईमेलमध्ये आहे, ती काढायचा मोह होईल. काढू नका. व्हॉट्सॲपवर वेळ त्यांच्यासमोर आहेच. तुम्ही ते टाळलंत तर पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या एका मुद्द्यावर अडकतो. स्वतःहून एका वाक्यात सांगून पुढे गेलात की बोलणं फोटोंवर येतं, आणि तिथे तुमची बाजू भक्कम आहे.

कायद्याचं म्हणाल तर एक उल्लेख पुरे. चार कलमं आणि "मानसिक त्रासाबद्दल पन्नास हजार" असं लिहिलेला ईमेल आमच्याकडे आला की तो वकिलांकडे जायचा आणि मग आम्हाला त्यात पैसे द्यायचेही अधिकार राहायचे नाहीत. सोशल मीडियावर टाकण्याची धमकीही नको. पुढचं पाऊल काय आणि कोणत्या तारखेला, एवढंच सांगायचं. तारखेच्या बाबतीत एक गोष्ट माहीत असू द्या. ४८ तासांत पोच देणं आणि एका महिन्यात तक्रार सोडवणं हे दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यावर त्याच नियमांनी बंधनकारक आहे. २४ जून ही तुम्ही दिलेली तारीख आहे, कायद्याची नाही. ती ओलांडली म्हणून ते लगेच कायद्यात चुकत नाहीत, पण १९१५ वर तक्रार करायला तुम्हाला महिनाभर थांबण्याचीही गरज नाही.

ईमेल पाठवताना "प्रति"मध्ये ग्राहक सेवेचा पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता, दोन्ही घाला. त्या अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क वेबसाइटवर देणं दुकानांना बंधनकारक आहे. बहुधा ते पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात असतं. ग्राहक सेवेचा नंबर गूगलवर शोधून फोन करू नका. तिथे खोटे नंबर पेरलेले असतात, आणि "रिफंडसाठी" म्हणून आलेल्या लिंकवर यूपीआय पिन टाकला की उरलेले पैसेही जातात. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही.

उत्तर बहुधा छापील येईल: "आमच्या पॉलिसीनुसार आम्ही दिलगीर आहोत." याला नवा ईमेल लिहू नका. नवा ईमेल म्हणजे नवा तक्रार क्रमांक, नवा माणूस आणि पहिल्यापासून गोष्ट. त्याच ईमेलला रिप्लाय करा, तीन ओळींत: माझी मागणी १७ जूनच्या ईमेलप्रमाणे कायम आहे, आपण फोटो १ आणि २ बद्दल काहीच म्हटलेलं नाही, कृपया तक्रार निवारण अधिकाऱ्यांचा लेखी निर्णय कळवावा. फोन आला तर बोला, पण फोन ठेवल्यावर काय ठरलं ते त्याच साखळीत एका ओळीत लिहून पाठवा.

ते सेट न्यायला तयार झाले, तर धोका त्या दिवशी असतो. कुरिअरचा मुलगा घाईत असतो, पार्सल उचलतो आणि जातो. मग दुकानात "आत अकराच नग आले" किंवा "खोका वेगळाच आहे" असं निघतं. म्हणून फुटके तुकडेसुद्धा त्याच खोक्यात भरा, भरतानाचा आणि टेप लावल्यावरचा फोटो घ्या, आणि पिकअपची पावती किंवा मेसेज आल्याशिवाय खोका हातातून सोडू नका. तुम्ही ऑफिसला असाल तर वॉचमनकडे ठेवू नका. घरी कुणी असेल ती वेळ द्या. तुकड्यांच्या धारा वर्तमानपत्रात गुंडाळा, उचलणाऱ्याचा हात कापायला नको.

"रिफंडची प्रक्रिया पूर्ण झाली" असा मेसेज आला म्हणजे पैसे आले असं नाही. संदर्भ क्रमांक मागा, तो बँकेच्या स्टेटमेंटमध्ये शोधा. क्रमांक असूनही पैसे दिसत नसतील तर बँकेत तोच क्रमांक दाखवून विचारता येतं. क्रमांकच देत नसतील तर पैसे अजून निघालेले नाहीत असं धरून चाला.

२४ तारीख गेली आणि काहीच झालं नाही, तर १९१५ वर फोन करा किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार टाका. फोटो आणि ईमेलची साखळी तिथे जोडता येते. हेल्पलाइन दुकानाला आदेश देऊ शकत नाही. ती तक्रार दुकानापर्यंत पोचवून उत्तर मागते, आणि साडेचार हजारांच्या प्रकरणात बऱ्याच दुकानांना तेवढं पुरतं. तिथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दुकान पुण्याचं असलं तरी तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. ऐरोली ठाणे जिल्ह्यात येते, म्हणून तुमचा आयोग ठाणे जिल्ह्याचा. खारघर-पनवेलकडची कुणी मैत्रीण हाच प्रश्न घेऊन आली तर तिला मात्र रायगड जिल्हा सांगा, नवी मुंबई म्हटलं तरी. तक्रार e-jagriti.gov.in वरून ऑनलाइन दाखल होते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. म्हणून खोका आणि तुकडे दुकानाने परत नेले नाहीत, तर प्रकरण मिटेपर्यंत माळ्यावर टाकून ठेवा. घरचे कुरकुर करतील.